ट्रिटियमच्या ठिणग्यांचा हिशोब

२००९ च्या नोव्हेंबर महिन्यात कारवारजवळच्या कैगा अणुऊर्जा केंद्रात कर्मचाऱ्यांच्या लघवीची नेहमीची तपासणी चालू होती. त्यात काही जणांच्या नमुन्यांत ट्रिटियम नेहमीपेक्षा बरंच जास्त निघालं. शोध घेता घेता अशा कर्मचाऱ्यांची संख्या पन्नासच्या वर गेली. अणुभट्टीत कुठे गळती सापडेना. शेवटी माग लागला तो पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरपर्यंत. कुणीतरी ट्रिटियम असलेलं जड पाणी त्यात मुद्दाम मिसळलं असावं, असं अणुऊर्जा खात्याने तेव्हा जाहीर केलं. खोडसाळपणा कुणाचा, यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून आलं. तो पकडला गेला ती मोजणी मात्र बातमीबाहेरच राहिली. आपल्याला त्या मोजणीत शिरायचं आहे, कारण तिच्यात एक अडचण आहे. यंत्र जो आकडा दाखवतं तो खरा आकडा नसतो, आणि खरा आकडा काढायचा तर यंत्राच्या नजरेतून किती निसटलं हे आधी शोधावं लागतं.

जड पाण्यातल्या ड्युटेरियमला अणुभट्टीतला न्यूट्रॉन चिकटला की ट्रिटियम तयार होतं. त्यामुळे जड पाण्यावर चालणाऱ्या सगळ्या भट्ट्यांत, म्हणजे कैगात आणि आपल्या तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचांतही, ते असतंच. ट्रिटियम हा हायड्रोजनचाच भाऊ. तो पाण्याच्या रेणूत जाऊन बसतो आणि ते पाणी पोटात गेलं की काही तासांत अंगभर पसरतं. मग रक्तातल्या, घामातल्या, लघवीतल्या पाण्यात त्याचं प्रमाण सारखंच होतं. माणसाच्या अंगात सुमारे ४२ लिटर पाणी असतं. त्यातल्या एका मिलिलिटरचा हिशोब लागला की सगळ्याचा लागतो. निम्मं ट्रिटियम साधारण दहा दिवसांत शरीराबाहेर पडतं, म्हणून डॉक्टरही अशा वेळी भरपूर पाणी प्यायला सांगतात.

पण हे एक मिलिलिटर मोजायचं कसं? ट्रिटियममधून बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन, म्हणजे बीटा कण, फारच दुबळा असतो. त्याची ऊर्जा जास्तीत जास्त १८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट आणि सरासरी ५.७. हवेत तो पाच-सहा मिलिमीटर जातो. पाण्यात तर मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले जेमतेम सहा. नेहमीच्या गायगर काउंटरच्या नळीला कितीही पातळ खिडकी बसवली, तरी तो आत पोचत नाही. बाटलीतल्या पाण्यात जन्मलेला इलेक्ट्रॉन त्या पाण्यातच संपतो. कार्बन-१४ चा बीटा त्याहून दणकट, जास्तीत जास्त १५६ आणि सरासरी ४९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, पण त्यालाही बाटलीची काच पुरून उरते.

यावरचा तोडगा १९५० च्या आसपास सापडला. कण मोजणाऱ्यापर्यंत येत नसेल, तर मोजणारंच कणापाशी न्यायचं. नमुना एका चमकणाऱ्या द्रावात मिसळून टाकायचा. प्रयोगशाळेत त्या द्रावाला सरळ कॉकटेल म्हणतात. त्यात मुख्य भाग सुवासिक वर्गातल्या सेंद्रिय द्रावकाचा. पूर्वी टोल्युइन किंवा झायलीन वापरत, आता कमी विषारी आणि सहज पेट न घेणारे द्रावक वापरतात. त्यात लिटरला काही ग्रॅम पीपीओ नावाचा चमकणारा पदार्थ असतो, गरजेप्रमाणे दुसराही एक असतो, आणि पाणी व द्रावक यांची सोयरीक जमावी म्हणून साबणासारखं काम करणारं एक रसायन असतं. वीस मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत, म्हणजे व्हायलमध्ये, एक मिलिलिटर लघवी आणि दहा मिलिलिटर कॉकटेल घालून नीट हलवलं की काम झालं.

आत जे घडतं ते असं. इलेक्ट्रॉन द्रावकाच्या रेणूंना धक्के देत थांबतो. उत्तेजित झालेले रेणू ती ऊर्जा शेजाऱ्याला देतात, तो पुढच्याला, असं करत ती पीपीओच्या रेणूपाशी येते आणि तो जांभळट प्रकाश सोडतो. दुसरा चमकणारा पदार्थ असला तर तो हा प्रकाश गिळून थोडा निळसर करून परत देतो. सगळा प्रकार सेकंदाच्या काही अब्जांश भागात आटोपतो. इलेक्ट्रॉनची ऊर्जा जितकी जास्त, तितके प्रकाशकण जास्त. हिशोबाला सोपं म्हणून एका किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमागे दहा धरू. म्हणजे ट्रिटियमच्या सरासरी इलेक्ट्रॉनमागे पन्नास-साठ.

हे पन्नास-साठ प्रकाशकण टिपायला बाटलीच्या दोन बाजूंना दोन फोटोमल्टिप्लायर नळ्या असतात. या नळ्या इतक्या संवेदनशील की गडद अंधारातही मिनिटाला हजारोंनी खोटे ठोके देतात. म्हणून यंत्राला नियम घालून दिलेला असतो: दोन्ही नळ्यांनी जवळजवळ एकाच क्षणी, म्हणजे सेकंदाच्या साधारण पाच कोटीव्या भागात, ठोका दिला तरच तो खरा धरायचा. एका नळीचा खोटा ठोका दुसऱ्या नळीच्या खोट्या ठोक्याशी क्वचितच जुळतो. खरी ठिणगी दोघींना एकदम दिसते.

हा नियम गोंगाट काढून टाकतो, पण त्याची किंमत ट्रिटियमला मोजावी लागते. पन्नास-साठातले काही प्रकाशकण वाटेतच हरवतात, उरलेले दोन नळ्यांत वाटले जातात, आणि नळीच्या पडद्यावर पडलेल्या चारांपैकी जेमतेम एकामागे इलेक्ट्रॉन सुटतो. समजा अशा सगळ्या गळतीनंतर प्रत्येक नळीच्या वाट्याला सरासरी एकच इलेक्ट्रॉन येतो. सरासरी एक म्हणजे कधी दोन, कधी शून्य. योगायोगाच्या गणिताने एका नळीला निदान एक तरी मिळण्याची शक्यता ६३ टक्के, आणि दोघींनाही मिळण्याची सुमारे ४० टक्के. आता काही कारणाने प्रकाश निम्म्यावर आला, तर हीच शक्यता ४० वरून १५ टक्क्यांवर कोसळते. प्रकाश निम्मा झाला आणि मोजणी जवळजवळ तिपटीने घटली. याच हिशोबात कार्बन-१४ चा सरासरी इलेक्ट्रॉन घातला, तर त्याच्या हाताशी साडेआठपट प्रकाश असल्याने तो ९९ च्या वरून फक्त ९७ वर येतो. हा हिशोब ढोबळ आहे, कारण सगळे इलेक्ट्रॉन सरासरीचे नसतात. पण ट्रिटियमच्या मोजणीत लोक इतके का घाबरतात ते यातून कळतं. प्रत्यक्षात, अगदी स्वच्छ नमुन्यातही ट्रिटियमचे शंभरातले साठ-पासष्टच पकडले जातात, कार्बनचे पंचाण्णवपर्यंत. पाणी मिसळल्यावर ट्रिटियमचा आकडा तिशी-चाळिशीवर येणं अगदी नेहमीचं.

म्हणून इथे दोन आकडे वेगळे ठेवायचे असतात. मिनिटाला किती ठोके मोजले तो सीपीएम. मिनिटाला खरोखर किती अणू फुटले तो डीपीएम. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की मोजणीची कार्यक्षमता मिळते. यंत्र फक्त पहिला आकडा जाणतं.

प्रकाश कमी होण्याच्या या प्रकाराला क्वेंचिंग म्हणतात आणि तो दोन जागी घडतो. एक, प्रकाश तयार होण्याआधी. विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेत उभी राहून हातोहात हंडे पुढे देत असावीत आणि मध्येच कुणी आपला हंडा ओतून टाकावा, तसं. क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड, अॅसिटोन, नायट्रोमिथेन असे पदार्थ, इतकंच काय पण द्रावात विरघळलेला साधा ऑक्सिजनसुद्धा, उत्तेजित रेणूची ऊर्जा घेऊन तिची उष्णता करून टाकतात. हे रासायनिक क्वेंचिंग. दुसरं, प्रकाश तयार झाल्यानंतर. नमुना पिवळा, तांबूस किंवा तपकिरी असेल तर तो नेमका निळा-जांभळा प्रकाश शोषतो. हे रंगाचं क्वेंचिंग, आणि लघवीत दोन्ही एकदम असतात. सकाळची पहिली, गडद पिवळी लघवी आणि दुपारची पाण्यासारखी लघवी यांत ट्रिटियम अगदी सारखं असलं, तरी यंत्र दोन वेगळे आकडे दाखवतं. गडद नमुना कमी दाखवतो. धोका मोजणाऱ्या तपासणीत चूक याच दिशेला व्हावी हे वाईटच.

तर कार्यक्षमता शोधायची कशी? सगळ्यात जुनी आणि माझ्या मते आजही सगळ्यात प्रामाणिक रीत म्हणजे त्याच बाटलीत ठाऊक असलेलं ट्रिटियम टाकून पाहणं. हिशोबासाठी सोयीचे आकडे घेऊ. गडद लघवीचा एक मिलिलिटर नमुना दहा मिनिटं मोजला आणि मिनिटाला ३५० ठोके आले. ट्रिटियम नसलेल्या लघवीची तशीच बाटली मिनिटाला २० देते. म्हणजे नमुन्याचे निव्वळ ३३०. आता बाटलीचं झाकण उघडून त्यात ठीक ५०,००० डीपीएम असलेलं प्रमाणित ट्रिटियमचं पाणी, अगदी थोडं, पिपेटने सोडायचं. हलवून पुन्हा मोजायचं. समजा आता १४,३५० आले. वाढ १४,००० ची. टाकलेल्या ५०,००० पैकी १४,००० दिसले, म्हणजे या बाटलीची कार्यक्षमता २८ टक्के. मग नमुन्याचे ३३० ठोके म्हणजे ३३० भागिले ०.२८, सुमारे ११८० डीपीएम. मिनिटाचे सेकंद केले की मिलिलिटरला साधारण १९.६ बेकरेल.

समजा हीच बाटली न तपासता मोजणाऱ्याने स्वच्छ पाण्याच्या नमुन्याची ३८ टक्के कार्यक्षमता वापरली असती. मग उत्तर ८६८ डीपीएम, म्हणजे १४.५ बेकरेल आलं असतं. खऱ्यापेक्षा चतुर्थांशाहून जास्त कमी. उलट, ठोक्यांच्या संख्येतली स्वाभाविक अनिश्चितता इथे दोन टक्क्यांच्याही आत आहे. यंत्र ती कागदावर इमानाने छापतं आणि वाचणाऱ्याला वाटतं आकडा अगदी पक्का आहे. मोठी चूक कुठल्याच रकान्यात छापलेली नसते. जाता जाता, हे १९.६ बेकरेल म्हणजे किती? अंगातल्या ४२ लिटरला गुणलं तर सव्वाआठ लाख बेकरेल होतात, आणि एकदाच पोटात गेलं असेल तर त्याचा डोस भरतो सुमारे ०.०१५ मिलिसिव्हर्ट. आकडा लाखांत, डोस मात्र नगण्य.

या रीतीत दोष असा की टाकलेलं ट्रिटियम परत काढता येत नाही, त्यामुळे तो नमुना पुन्हा मोजता येत नाही. हात थरथरला आणि थेंब कमी-जास्त पडला तर सगळंच चुकलं. शिवाय शेकडो बाटल्या असतील तर प्रत्येक उघडायची कुणी? म्हणून यंत्रातच एक सोय असते. बाटली मोजण्याच्या जागी उतरली की तिच्या खाली किंवा बाजूला एक छोटा गॅमा स्रोत सरकून येतो, बेरियम-१३३ किंवा सीझियम-१३७ सारखा. गॅमा किरण काच भेदून आत जातात, द्रावातल्या इलेक्ट्रॉनांना उडवतात आणि ते इलेक्ट्रॉन बीटासारखेच चमक पाडतात. नमुना जितका क्वेंच झालेला, तितकी ही चमक मंद. त्या मंदपणावरून यंत्र क्वेंचिंगचा एक निर्देशांक काढतं. यंत्र बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची त्याला वेगळी नावं आणि वेगळ्या पट्ट्या आहेत.

निर्देशांक म्हणजे कार्यक्षमता नव्हे. त्यासाठी आधी वक्र बनवावा लागतो. दहाएक बाटल्यांत एकसारखं, ठाऊक असलेलं ट्रिटियम घालायचं आणि नायट्रोमिथेन मात्र प्रत्येकीत वाढत्या थेंबांनी. प्रत्येक बाटलीचा निर्देशांक आणि कार्यक्षमता कागदावर मांडली की एक उतरती रेषा मिळते. पुढे कुठल्याही नमुन्याचा निर्देशांक पाहायचा आणि रेषेवरून कार्यक्षमता वाचायची. कार्बन-१४ साठी वेगळी रेषा, कॉकटेल बदललं की वेगळी रेषा. आणि नायट्रोमिथेनने बनवलेली रेषा गडद रंगाच्या नमुन्याला लावली तर टोकाकडे ती फसवते, कारण रंगीत बाटलीत एका कडेला झालेली चमक जवळच्या नळीला ठळक आणि लांबच्या नळीला फिकी दिसते. रासायनिक क्वेंचिंगमध्ये असा दुजाभाव नसतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी लघवीतून आधी पाणी ऊर्ध्वपातनाने उकळून वेगळं काढतात. रंग मागे राहतो, ट्रिटियम पाण्याबरोबर येतं.

बाहेरच्या गॅमा स्रोताचा एक दोष मात्र असा आहे की तो न कळणारा माणूस हमखास फसतो. कॉकटेलमध्ये पाणी पेलवेल त्याहून जास्त घातलं किंवा मीठ जास्त झालं, की मिश्रण फाटतं. वर द्रावक, खाली पाण्याचा थर. ट्रिटियम खालच्या थरात राहतं आणि त्याचे इलेक्ट्रॉन मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागातच संपत असल्याने ते चमकणाऱ्या द्रावापर्यंत पोचतच नाहीत. पण गॅमा किरण दोन्ही थरांतून आरपार जातात, वरच्या थरात छान चमक पाडतात आणि निर्देशांक सांगतो की नमुना उत्तम आहे. ठोके पडतात, कार्यक्षमता मात्र पूर्ण धरली जाते. यंत्राला हे कधीच कळत नाही. बाटली उजेडात धरून पाहणारा डोळा मात्र ओळखतो: द्राव दुधाळ दिसतो, किंवा तळाशी रेघ दिसते. शंका आली तर त्याच बाटलीत प्रमाणित ट्रिटियमचं पाणी टाकून पाहावं. दोन रीतींचे आकडे जुळले नाहीत तर वक्रावर नव्हे, टाकलेल्या ट्रिटियमवर विश्वास ठेवावा.

याच्या उलट चूकही होते, म्हणजे नसलेले ठोके दिसतात. अल्कलीयुक्त नमुना किंवा रंग घालवायला वापरलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड कॉकटेलमध्ये गेलं की रासायनिक क्रियेतूनच मंद प्रकाश सुटत राहतो. ट्यूबलाइटच्या उजेडात बाटल्या राहिल्या तरी थोडा वेळ असंच होतं. हा प्रकाश एकेका प्रकाशकणाचा असतो, पण तो इतका पुष्कळ असतो की दोन नळ्यांचे ठोके योगायोगाने जुळू लागतात, आणि ते नेमके ट्रिटियमच्या पट्ट्यात पडतात. ओळखायची खूण सोपी आहे. बाटली अंधारात ठेवून तासातासाने मोजावी. ठोके उतरत गेले तर ते ट्रिटियम नव्हे, कारण ट्रिटियमचं अर्धायुष्य सव्वाबारा वर्षांचं आहे. ते दुपारपर्यंत निम्मं होत नाही.

कार्बन-१४ च्या बाबतीत हे सगळं सौम्य होतं, नाहीसं होत नाही. त्याची तुमच्या-आमच्याशी गाठ पडू शकते ती पोटातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूच्या श्वासतपासणीत. तिच्या एका प्रकारात कार्बन-१४ असलेल्या युरियाची कॅप्सूल देतात. त्यात ३७ हजार बेकरेल असतात. जठरात जिवाणू असेल तर तो युरिया फोडतो आणि कार्बन-१४ चा कार्बन डायऑक्साइड दहाएक मिनिटांत श्वासातून येऊ लागतो. तो अल्कलीयुक्त द्रावात धरून त्यावर कॉकटेल घालतात. एका प्रचलित पद्धतीत निकालाची रेषा डीपीएममध्येच दिलेली असते: ५० च्या आत नकारार्थी, २०० किंवा वर होकारार्थी, मधलं अनिश्चित. आता समजा बाटलीने मिनिटाला निव्वळ १८० ठोके दिले. ते तसेच वाचले तर निकाल अनिश्चित. पण कार्यक्षमता ८५ टक्के निघाली, तर खरा आकडा २१२ डीपीएम आणि निकाल होकारार्थी. उलट त्याच अल्कलीमुळे सुटलेला खोटा प्रकाश आकड्यात मिसळला असेल, तर निरोगी माणूस आजारी ठरू शकतो. त्यासाठी कार्बनच्या मोजणीत तळाचा, सगळ्यात कमी ऊर्जेचा पट्टा सोडून देतात. कार्बनला ते परवडतं. ट्रिटियमला नाही, कारण त्याचं सगळं घरदार त्या तळाच्याच पट्ट्यात आहे.

अलीकडे तीन नळ्यांची यंत्रंही आली आहेत. त्यात तिन्ही नळ्यांना एकदम दिसलेल्या ठिणग्या आणि निदान दोघींना दिसलेल्या ठिणग्या यांचं गुणोत्तर घेतात. प्रकाश भरपूर असेल तर ते एकाच्या जवळ जातं, कमी असेल तर घसरतं, आणि त्यावरून कार्यक्षमता थेट काढता येते. बाहेरचा स्रोत लागत नाही, पुष्कळदा वक्रही लागत नाही. फाटलेल्या मिश्रणापुढे मात्र तेही आंधळंच: जी ठिणगी पडलीच नाही ती तिसऱ्या नळीलाही दिसत नाही.

तेव्हा अशा तपासणीचा अहवाल कधी हाती पडला, मग तो श्वासाचा असो, विहिरीच्या पाण्याचा असो की कामगाराच्या लघवीचा, तर दोन गोष्टी जरूर विचाराव्या. आकडा सीपीएममध्ये आहे की डीपीएममध्ये, आणि कार्यक्षमता त्याच बाटलीची काढली की दुसऱ्या कुठल्या बाटलीची धरली. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर नमुना पुन्हा मोजून मागावा.